पहिलं अपील फेटाळलं गेल्यावर : प्राप्तिकर न्यायाधिकरणाच्या मुदतीची पार्श्वभूमी

नागपूर-अमरावतीकडच्या व्यापाऱ्यांची नोटबंदीच्या वर्षाची प्राप्तिकराची प्रकरणं अजून संपलेली नाहीत. डिसेंबर २०१९ च्या सुमारास आकारणीचे आदेश निघाले, पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत पहिली अपिलं दाखल झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती सगळी चेहराविरहित पद्धतीत गेली. अधिकारी कुठे बसतो हे कळेनासं झालं आणि नोटिसा फक्त ईमेलवर व पोर्टलवर येऊ लागल्या. पहिलं अपील हरल्यावर पुढे प्राप्तिकर न्यायाधिकरणात जावं की नाही, हा प्रश्न आज ज्यांच्यासमोर आहे त्यांतल्या बऱ्याच जणांची हार इथेच झाली आहे. त्यांची बाजू ऐकून ती नाकारली गेली, असं झालेलं नाही. ती ऐकलीच गेली नाही.

न्यायाधिकरण जुनं आहे, जानेवारी १९४१ पासूनचं. त्याआधी खात्याच्या निर्णयावर दाद मागायची तर खात्याच्याच वरिष्ठाकडे जावं लागे. ही व्यवस्था नको म्हणूनच ते उभं राहिलं, आणि आजही ते अर्थखात्याकडे नसून कायदा खात्याकडे आहे. पहिलं अपील ऐकणारा अधिकारी मात्र खात्यातलाच असतो. वस्तुस्थितीवर शेवटचा शब्द न्यायाधिकरणाचा. त्यापुढे उच्च न्यायालयात फक्त कायद्याचा ठोस प्रश्न नेता येतो. त्यामुळे रोकडवही खरी की खोटी, हे सिद्ध करायची शेवटची जागा हीच.

मुदतीचा नियम दशकानुदशकं एकच होता : आदेश कळवल्याच्या तारखेपासून साठ दिवस. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो बदलला. आता ज्या महिन्यात आदेश कळवला गेला, तो महिना संपल्यापासून दोन महिने मोजायचे. १४ ऑक्टोबर २०२४ ला आदेश मिळाला असेल, तर जुन्या हिशेबाने १३ डिसेंबरला मुदत संपली असती, नव्या हिशेबाने ती ३१ डिसेंबरला संपते. बदल चांगलाच आहे. पण ज्या शब्दावरून सगळे तंटे होतात, तो 'कळवला' हा शब्द कायद्याने तसाच ठेवला.

आदेश कळवला म्हणजे नेमकं काय झालं? टपालाच्या काळात पोचपावतीवर सही आणि तारीख असे, त्यामुळे वादाला जागा कमी होती. आता आदेश पोर्टलवर चढतो आणि पहिल्या अपिलाच्या अर्जात दिलेल्या पत्त्यावर ईमेल जातो. खात्याचं म्हणणं असं की, दिलेल्या पत्त्यावर संदेश पोचला म्हणजे आदेश कळवला गेला. करदाता म्हणतो, तो पत्ता माझ्या जुन्या सीएंचा होता, त्यांनी काम सोडून दोन वर्षं झाली. नुसतं पोर्टलवर टाकणं म्हणजे नोटीस बजावणं नव्हे, असं पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. ते नोटिशीबद्दल होतं आणि दुसऱ्या राज्यातलं होतं. त्यात ईमेल गेलेला असेल तर आधार आणखी पातळ होतो. माझं मत स्पष्ट आहे : जो माणूस बाजारात पहाटेपासून उभा असतो, त्याने रोज पोर्टल उघडून पाहावं ही अपेक्षा न्यायाची नाही. पण अपील या मतावर उभं करू नये. 'आम्हाला आदेश अमुक तारखेला कळला, म्हणून अपील मुदतीत आहे' हे म्हणावं आणि त्याच्या जोडीलाच 'उशीर धरला गेल्यास तो माफ व्हावा' हा अर्जही द्यावा. दुसरं न देता पहिल्यावर विसंबणारे अडकतात.

उशीर माफ होण्यासाठी 'पुरेसं कारण' लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये याकडे उदारपणे पाहायला सांगितलं. उशीर करून करदात्याचा काही फायदा होत नसतो, हे त्यामागचं साधं तर्कशास्त्र. तरीही शपथपत्र मोघम असलं तर अर्ज फेटाळला जातो.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. कळमन्यातला संत्र्याचा व्यापारी. विवरणपत्रात उत्पन्न ४ लाख ६० हजार. नोटबंदीत बँकेत भरलेल्या रकमेपैकी १४ लाख 'स्पष्टीकरण नसलेली रोकड' म्हणून कलम ६९अ खाली जोडले गेले. त्या वर्षी अशा रकमेवर अधिभार आणि उपकरासह ७७.२५ टक्के कर, म्हणजे १० लाख ८१ हजार ५०० रुपये, आणि व्याज वेगळं. पहिलं अपील 'नोटिशीला उत्तर नाही' एवढ्यावर फेटाळलं. आदेश १४ ऑक्टोबर २०२४ ला पोर्टलवर आला. त्याला तो कळला ३ फेब्रुवारी २०२५ ला, परतावा जुन्या मागणीत वळता झाला तेव्हा. अपील दाखल झालं २० फेब्रुवारीला. पोर्टलची तारीख धरली तर उशीर ५१ दिवसांचा.

शपथपत्रात हे सगळं तारखेने यायला हवं : ईमेल कुणाचा होता, तो कधी बंद पडला, परतावा वळता झाल्याची सूचना कधी आली, आदेश कुणी उतरवून घेतला. ३ ते २० फेब्रुवारी हे सतरा दिवसही त्यात सांगावे लागतात. लोक नेमके तेच विसरतात.

मग मुद्दे, ज्यांना आपण ग्राउंड म्हणतो. नियमाप्रमाणे ते थोडक्यात, क्रमांक घालून आणि युक्तिवादाशिवाय लिहायचे असतात. इथे पहिला मुद्दा असा की, अपिलातल्या प्रत्येक मुद्द्यावर कारणांसह निर्णय द्यायला कलम २५०(६) सांगतं. गैरहजेरीवर अपील निकाली काढता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्येच स्पष्ट केलं आहे. दुसरा मुद्दा, म्हणणं मांडायची खरी संधी मिळाली नाही. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा : ही रोकड विक्रीची आहे, ती विक्री वह्यांत आणि विवरणपत्रात आधीच धरली आहे, म्हणजे एकाच रकमेवर दोनदा कर लागतो. ८ नोव्हेंबरला अंबिया बहाराची संत्री बाजारात येत असतात, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. न्यायाधिकरणात मात्र त्या आठवड्यांच्या हिशेबपट्ट्या, रोकडवही आणि मागच्या वर्षीच्या याच महिन्यांची विक्री शेजारी ठेवून दाखवावी लागते.

पहिल्या दोन मुद्द्यांवर जिंकलं तर बहुधा प्रकरण परत खाली पाठवलं जातं. तिथे तिसरा मुद्दा सिद्ध करावाच लागतो. हिशेबपट्ट्या हरवल्या असतील आणि रोकडवही मागाहून लिहिलेली असेल, तर हे अपील म्हणजे फक्त आणखी दोन-तीन वर्षं आणि दरमहा एक टक्का व्याज. अशा वेळी मी अपील करू नका म्हणतो, आणि ते ऐकणाऱ्याला आवडत नाही.

कागद शाबूत असतील तर मात्र थांबू नये. आकारलेलं उत्पन्न दोन लाखांवर असेल तर फी त्याच्या एक टक्का, पण कमाल दहा हजार. इथे १८ लाख ६० हजारांचा एक टक्का १८,६०० होतो, तरी भरायचे दहा हजारच. जीएसटीसारखी मागणीतली ठरावीक रक्कम आधी भरावी लागत नाही. वसुलीला स्थगिती हवी असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो आणि २०२० पासून त्यासाठी वीस टक्के भरण्याची किंवा तेवढं तारण देण्याची अट आहे. इथे नुसत्या करावरच ती २ लाख १६ हजार ३०० होते. वळता झालेला परतावा त्यात धरावा, असं अर्जात मागता येतं. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून खातं स्वतः उच्च न्यायालयात जातं ते सर्वसाधारणपणे दोन कोटींहून जास्त कराच्या वादात. एवढ्या रकमेचं प्रकरण न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठापुढे जिंकलं, तर ते बहुधा तिथेच संपतं.