धुक्यातल्या माणसाची ओपॅसिटी

"लांबचा माणूस फोटोत बसवायचा तर ओपॅसिटी ६० वर आणली की झालं ना?"

नाही. धुकं माणसाला पारदर्शक करत नाही. त्याच्या-आपल्या मधली हवा उजळते आणि तो उजेड त्याच्यावर चढतो. म्हणून आधी काळं फिकं पडतं.

रंकाळ्यावरचा हिवाळी सकाळचा फोटो घ्या. पैलतीरावर माणूस उभा करायचाय, मागे झाडं. ओपॅसिटी कमी केली की त्याच्या पोटातून झाडाचा बुंधा दिसतो! मागे नुसतं धुकं असेल तेव्हा मात्र ही युक्ती चालून जाते. समज टिकलाय तो त्यामुळेच.

त्याऐवजी आयड्रॉपरने तिथल्याच अंतरावरच्या बुंध्याचा सर्वांत गडद भाग मोजा. समजा RGB मधला लाल आकडा ११८ आला आणि कोऱ्या धुक्याचा २००. ११८ भागिले २००, म्हणजे ५९ टक्के. आता धुक्याच्याच रंगाचा लेयर माणसावर क्लिप करून त्याची ओपॅसिटी ५९ ठेवा. काळी पँट ११८ च्या आसपास येते, पांढरा सदराही २२० पर्यंत उतरतो. माणूस बुंध्यापेक्षा गडद दिसला, तर तो अलीकडे उभा वाटणार. पायाशी धुकं दाट असेल तर त्या लेयरच्या मास्कवर ग्रेडियंट लागतो.