ढगाळ रात्री दव पडत नाही

डिचोलीतल्या मैदानावर जानेवारीत प्रकाशझोतात सामना असला की संध्याकाळी मी आधी बाहेर लावलेल्या स्कूटरच्या सीटवरून हात फिरवतो. हाताला ओल लागली, तर दुसऱ्या डावात फिरकी गोलंदाजांचे हाल होणार हे नक्की.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, दुपारी चारला तापमान ३१ अंश आणि आर्द्रता ५० टक्के आहे. या हवेचा दवबिंदू साधारण १९ अंश येतो, म्हणजे एखादा पृष्ठभाग तेवढा थंड झाला की त्यावर पाणी जमू लागतं. रात्री नऊला हवा २२ अंशांवर येते. मग दव कसं? कारण गवत हवेपेक्षाही थंड होतं. निरभ्र रात्री त्याची उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते आणि पात्यांचं तापमान हवेपेक्षा तीन-चार अंशांनी खाली उतरतं. आकाशात ढग असतील तर ते बरीच उष्णता खाली परत पाठवतात, त्यामुळे गवत तेवढं गार होत नाही. वारा चालू असेल तरीही तेच, कारण तो वरची उबदार हवा पात्यांपाशी आणत राहतो. दवाला स्वच्छ आकाश आणि पडलेला वारा लागतो. आमच्याकडे सूर्यास्तानंतर समुद्रावरचा वारा मंदावतो, तीच त्याची वेळ.

दाबून घट्ट केलेली खेळपट्टी दिवसाची ऊब धरून ठेवते, म्हणून ती गवताइतक्या लवकर ओली होत नाही. ओल चेंडूच येताना घेऊन येतो. सीमेकडे गेलेला प्रत्येक फटका ओल्या गवतातून घरंगळतो आणि कातडं पाणी पितं. मग चेंडू बोटांतून निसटतो. त्याला फिरकी कमी मिळते, आणि टप्प्यावर पाण्याचा पातळ थर घर्षण घटवत असल्याने चेंडू वळण्याऐवजी सरळ घसरत बॅटवर येतो. यष्टिरक्षकाने दर चेंडूनंतर टॉवेल मागितला, की समजावं. मैदानावर दोरखंड ओढून दव झटकता येतं, पण अर्ध्या तासात ते पुन्हा येतं.

आणि ढगाळ दिवसाचा स्विंग? ‘हवा दमट, म्हणून जड, म्हणून चेंडू वळतो’ हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण ते चूक आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका असतो, त्यामुळे दमट हवा उलट किंचित हलकीच असते. प्रयोगशाळेतल्या मोजमापांतही आर्द्रतेने स्विंग वाढल्याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. मला पटणारी शक्यता वेगळी आहे: ढगांमुळे जमीन तापत नाही, तिच्यावरची हवा कमी खळबळते, आणि शिवणीभोवतीचा प्रवाह न विस्कटता चेंडूला बाजूला ओढू शकतो. हे अजून पक्कं सिद्ध व्हायचं आहे.

म्हणून नाणेफेकीआधी मी कर्णधाराला एवढंच सांगतो: चारला ढग दिसले म्हणून दवाची काळजी करू नकोस, ते रात्रीही टिकले तर चेंडू कोरडाच राहील. सात वाजता चांदण्या दिसू लागल्या आणि झेंडा लोंबकळला, तर मात्र आपल्या फिरकीपटूंची षटकं दव चढण्याआधीच उरकून घे.