‘रिव्हर्ट बॅक’मधला ‘बॅक’: थोडी पार्श्वभूमी

मेलमध्ये ‘रिव्हर्ट बॅक’ म्हणजे ‘उत्तर कळवा’ असं लिहिलं, की त्यातला ‘बॅक’ फालतू आणि ही आपल्याकडची चूक, अशी तक्रार होते. ‘रिव्हर्ट’, ‘रिटर्न’, ‘रिपीट’ या तिन्ही शब्दांतला ‘रि’ लॅटिनमधला. ‘मागे’ किंवा ‘पुन्हा’ हे सांगायचं काम तोच करतो. बोलणाऱ्यांना तो वेगळा जाणवेनासा झाला आणि शब्दापुढे ‘बॅक’, ‘अगेन’ चिकटले. इंग्रजांच्या जुन्या लिखाणातही ‘रिटर्न बॅक’ सापडतं, त्यामुळे सगळा दोष आपल्या माथी नको. आपल्याकडे ही सवय पक्की झाली ती ‘परत’मुळे. आपण पुस्तक परत करतो, गावाहून परत येतो, तीच गोष्ट परत सांगतो. इंग्रजी बोलतानाही हा ‘परत’ मनातून हलत नाही.

तार शब्दागणिक पैशांची होती, तोवर असा ‘बॅक’ खिशाला कळायचा. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण ईमेलला शब्दाचे पैसे पडत नाहीत, आणि तार बंद होण्याआधीच फोर्टपासून अंधेरीपर्यंतच्या ऑफिसांत ‘काइंडली रिव्हर्ट बॅक’ रुळलं होतं.

खरं भांडण ‘बॅक’चं नाहीच, ‘रिव्हर्ट’चं आहे. भाडेपट्टा संपला की जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते, हा कायद्यातला अर्थ. ‘आधीच्या विषयाकडे वळणं’ हाही जुना, मान्य अर्थ. त्याच्याच जवळचा ‘उत्तर देणं’ हा अर्थ व्यापाराच्या पत्रव्यवहारात रुजला. जहाजाच्या दलालीत ‘विल रिव्हर्ट’ म्हणजे ‘मालकाला विचारून कळवतो’. शुद्धतावादी याला चूक म्हणतात. मला ते पटत नाही. सगळ्या बाजाराला कळतो तो अर्थ चुकीचा कसा? अडचण निघते ती वाचणारा दुसऱ्या धंद्यातला असला की.

सॉफ्टवेअरवाल्यांकडे `git revert` ही आज्ञा आधीचा बदल उलटवणारा नवा बदल नोंदवते. समजा, अकाउंट्समधून मेल आला: ‘प्लीज रिव्हर्ट बॅक ऑन द चेंज बाय फ्रायडे.’ नुसता ‘बॅक’ काढला तर एक शब्द वाचला, गोंधळ तसाच. नव्या प्रोग्रॅमरने शुक्रवारी चालू बदल मागे घेतला, तर दोष त्याला कसा द्यायचा? इथे ‘रिप्लाय’ लिहावं. उलट ‘रिटर्न बॅक द साइन्ड कॉपी’मधला ‘बॅक’ बिनघोर उडवावा, अर्थाला धक्का लागत नाही.

‘रिपीट अगेन’ मात्र जरा थांबून पाहावं. ऑर्डर एकदाच पुन्हा पाठवायची असेल तर ‘रिपीट’ पुरे. आधी एकदा पुन्हा पाठवून झाली असेल आणि आता तिसऱ्यांदा जाणार असेल, तर तो ‘अगेन’ फुकटचा नाही. तरी वाचणाऱ्याला ते कळेलच असं नाही, म्हणून गोदामाच्या मेलमध्ये सरळ ‘थर्ड टाइम’ लिहिलेलं बरं.