रील कव्हर आणि प्रोफाइल ग्रिड

इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर रीलच्या जागी जे स्थिर चित्र दिसते ते रीलचे कव्हर, आणि अशा चित्रांच्या तीन-तीनच्या ओळी म्हणजे ग्रिड. फीडमध्ये रील समोर आली की आपोआप सुरू होते, त्यामुळे तिथे कव्हर फारसे कुणाच्या नजरेस पडत नाही. ते दिसते एखादी रील आवडून दुकानाच्या नावावर टिचकी मारणाऱ्या अनोळखी माणसाला. नाव, माहितीच्या चार ओळी आणि हायलाइट्सची गोल चित्रे यांनी वरची जागा अडते. खाली न सरकवता त्याला ग्रिडच्या दीड-दोन ओळीच दिसतात, आणि हे दुकान कशाचे हे त्याला तेवढ्यातच कळावे लागते.

नाशिकच्या भांडी बाजारातल्या एखाद्या तांब्या-पितळेच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. कल्हईची रील सगळ्यांत जास्त चालते. मात्र कव्हर न निवडता ती टाकली, तर बरेचदा सुरुवातीचेच दृश्य कव्हर म्हणून बसते, आणि कल्हईत सुरुवातीला असतो नवसागराचा पांढरा धूर. शेजारी पाडव्याच्या शुभेच्छांचे तयार पोस्टर, त्यापुढे मालकाचा अर्धा चेहरा. येणाऱ्याला भांडे एकही दिसत नाही. कव्हर वेगळे काढायचे ते इथे: कल्हई झालेले पातेले कलते धरून, आतली चकाकी दिसेल असा स्वतंत्र फोटो. तांबे-पितळ आरशासारखे असते, त्यामुळे ट्यूबलाइटची पांढरी रेघ आणि फोटो काढणारा दोघेही त्यात उमटतात. दुकानाच्या दारात, सावलीत, समोर पांढरी चादर धरून काढलेला फोटो स्वच्छ येतो. मागे दर वेळी तोच घोंगडीचा किंवा काळ्या दगडाचा तुकडा ठेवला, तर निम्मा सारखेपणा तिथेच साधतो.

मापांचा घोळ इथे सर्वाधिक होतो. कव्हर 1080 × 1920 पिक्सेलचे, म्हणजे रीलएवढेच उभे असते. ग्रिडमधला चौकोन मात्र 3:4 प्रमाणात, त्यामुळे मधला 1080 × 1440 भागच दिसतो आणि वरून-खालून 240-240 पिक्सेल कापले जातात. अक्षरे आणि भांड्याचे तोंड या मधल्या भागातच हवे. त्यातही खालचा डावा कोपरा मोकळा ठेवावा, कारण तिथे किती जणांनी पाहिले तो आकडा येतो, तर वरच्या उजव्या कोपऱ्यात खुणा असतात. 2025 च्या सुरुवातीपर्यंत ग्रिड चौरस होता. त्या काळातल्या 1080 × 1080 फोटोंच्या आता दोन्ही बाजू 135-135 पिक्सेलने छाटल्या जातात. ‘समई’चा ‘मई’ झालेला दिसला तर दोष बहुधा हाच. पोस्टच्या तीन ठिपक्यांतून चौकट सरकवता येते. रीलचे कव्हरही नंतर बदलता येते, व्हिडिओ पुन्हा टाकावा लागत नाही.

अक्षरांचे गणित सोपे आहे: चौकोन पडद्याच्या एकतृतीयांश रुंदीचा, म्हणून संपूर्ण पडद्यावर ठळक वाटलेला मजकूर तिथे तिपटीने लहान होतो. देवनागरीला हे जास्त जाचते. बारीक फाँटची शिरोरेघ पुसट होते, जोडाक्षरांचा गोळा होतो आणि दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मुक्त किंवा बलू यांसारखा फाँट जाड वजनात घ्यावा आणि दोन-तीन शब्दांवर थांबावे. ‘पातेल्याला कल्हई’ पुरे. ‘हे पाहून थक्क व्हाल’ असे लिहिले तर पाहुण्याला मालाविषयी काहीच कळत नाही. शिवाय अशी नऊ वाक्ये एकाखाली एक आली की दुकान सोडून भलतेच काही तरी वाटते. कव्हर तयार झाले की ते मोबाइलवर अंगठ्याच्या रुंदीएवढे लहान करून हात लांब धरून वाचावे. अडखळले तर शब्द कमी करावेत.

नऊ चौकोन मिळून एक मोठे चित्र करण्याची हौस धंद्याला परवडत नाही. नवी पोस्ट पडली की प्रत्येक चौकोन एक घर पुढे सरकतो आणि चित्र मोडते. रंगांची उभी पट्टीही तशीच आपला रकाना सोडून सरकते. क्रम कसाही आला तरी टिकेल असा सारखेपणा हवा: एकच पार्श्वभूमी, अक्षरांची एकच जागा, एकच रंग. सणाची पोस्टर स्टोरीत टाकावीत. ती चोवीस तासांत जातात.

वर तीन पोस्ट पिन करता येतात आणि ती पहिली ओळ हलत नाही. तांब्या-पितळेच्या दुकानाने तिथे एकीत माल, दुसरीत कल्हई-दुरुस्ती आणि तिसरीत वाट दाखवावी. बाहेरगावचा माणूस गाडी घेऊन या गल्ल्यांत अडकतो. गाडी कुठे लावायची आणि तिथून कोणत्या वळणाने चालत यायचे, हे अर्ध्या मिनिटात दाखवणाऱ्या रीलच्या कव्हरवर ‘दुकानाची वाट’ एवढेच लिहावे आणि मागे दुकानाची पाटी दिसावी.