रायगड की राजगड? किल्ल्यावर शूटिंगची परवानगी काढण्याआधी हे वाचा

‘गडाची परवानगी किती दिवसांत मिळेल?’ हा प्रश्न आम्हाला रोज येतो. त्याआधी एक सांगा, गड कोणाच्या ताब्यात आहे? सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो.

रायगड आणि राजगड ही दोन्ही नावं 2025 साली जागतिक वारसा यादीत आली, म्हणून अनेकांना दोन्हींचं ऑफिस एकच वाटतं. रायगड केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. राजगडाचा अर्ज केंद्राकडे गेला तर तो पुढे सरकत नाही आणि ते कळेपर्यंत कलाकारांच्या तारखा निघून जातात. शिवनेरी, लोहगड, सिंधुदुर्ग केंद्राकडे; साल्हेर, प्रतापगड राज्याकडे. आम्ही चौकशी आली की आधी हेच तपासतो. पैसे नंतर बोलतो.

समजा, रायगडावर नगारखान्यापाशी एका दिवसाचा सीन आहे. प्राचीन स्मारकांसाठीच्या 1959 च्या केंद्रीय नियमांतला नमुना 9 भरायचा. त्यात ‘रायगड किल्ला’ एवढंच लिहून चालत नाही. नेमका कोणता भाग, कोणता प्रसंग, किती कलाकार, कोणत्या तारखेपासून किती दिवस, हे सगळं लागतं आणि पटकथेतला तेवढा भाग जोडावा लागतो. परवाना अर्जात लिहिलेल्या भागापुरताच मिळतो. सेटवर दिग्दर्शकाला अचानक टकमक टोक आवडलं, तर तिथला कर्मचारी कॅमेरा थांबवणार, आणि त्याचं बरोबरच असतं. म्हणून आम्ही लोकेशन पाहून झाल्याशिवाय अर्ज भरत नाही. उशीर लावता, अशी तक्रार होते, पण दुसरा अर्ज करण्यापेक्षा हा उशीर परवडतो.

आणखी एक. दगड चमकावा म्हणून पाणी मारणं, तेल लावणं परवान्याच्या अटींत बसत नाही. जनरेटर वास्तूपासून, लॉनपासून लांब ठेवायचा. पर्यटकांची वाट अडवायची नाही. कॅमेरामन आणि आर्ट डायरेक्टरला हे आधीच सांगून ठेवा.

‘तिकीट खिडकीवर व्हिडिओ कॅमेऱ्याचे 25 रुपये भरले की झालं ना?’ नाही. ते पर्यटकाच्या घरगुती चित्रीकरणासाठी. व्यावसायिक शूटिंगचं शुल्क केंद्राच्या वास्तूंना दिवसाला 50,000 रुपये आहे, अनामत वेगळी. ड्रोनची परवानगीही वेगळी.

नियमात तीन महिने आधी अर्ज करायला सांगितलं आहे. आता अर्ज ऑनलाइन होतो, त्यामुळे बहुतेक वेळा त्याहून लवकर काम होतं, पण तारीख त्या भरवशावर ठरवू नका. आमच्याकडे त्या तीन महिन्यांच्याही आधी या. येताना पटकथेतली ती पानं, युनिटची यादी आणि फ्रेमचे मोबाईलवर काढलेले दोन-चार फोटो आणा. बाकीची धावपळ आमच्याकडे.