जांभळ्या फ्लॉपीतली पुसलेली फाइल

१६ फेब्रुवारी २००५. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात विचिटा नावाचं शहर आहे. तिथल्या एका टीव्ही केंद्रात एक पाकीट आलं आणि त्यात एक जांभळी फ्लॉपी निघाली. पाठवणाऱ्याने १९७४ ते १९९१ या काळात १० खून केले होते. पोलिसांना पत्रं लिहून खिजवायची त्याला जुनी खोड होती. फ्लॉपी पाठवण्याआधी त्याने पोलिसांनाच विचारलं होतं, फ्लॉपीवरून माझा माग लागेल का, खरं सांगा. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून पोलिसांनी कळवलं की काही हरकत नाही. त्याने विश्वास ठेवला!

फ्लॉपी उघडल्यावर एकच फाइल दिसत होती आणि तिच्यात कामाचं काही नव्हतं. पण त्याच फ्लॉपीवर आधी एक वर्डची फाइल होती. ती त्याने डिलीट केली होती. तपासनीसांनी ती बाहेर काढली. वर्ड प्रत्येक फाइलच्या पोटात थोडी स्वतःची नोंद ठेवतं, त्या नोंदीत संस्थेचं नाव होतं ‘क्राइस्ट लुथरन चर्च’ आणि फाइल शेवटची जतन करणाऱ्याचं नाव होतं ‘डेनिस’. इंटरनेटवर त्या चर्चचं नाव शोधलं, तर चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष डेनिस रेडर असल्याचं कळलं. पुढे डीएनएची खात्री झाली आणि २५ फेब्रुवारीला, म्हणजे पाकीट आल्यापासून नवव्या दिवशी, त्याला अटक झाली.

आता प्रश्न असा की त्याने फाइल डिलीट केली होती, मग ती तिथे राहिली कशी?

फ्लॉपी हे एक छोटं गोदाम समजा. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत ५१२ बाइटचे २,८८० कप्पे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. पहिल्या ३३ सेक्टरांमध्ये माल नसतोच, तिथे गोदामाच्या वह्या असतात. एका वहीत फाइलचं नाव, आकार आणि ती कोणत्या कप्प्यापासून सुरू होते हे लिहिलेलं असतं. दुसरीत एका कप्प्यानंतर कोणता कप्पा घ्यायचा याची साखळी असते. या दुसऱ्या वहीचं नाव फॅट. पुढे पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवरही तिचीच मोठी भावंडं वापरात आली.

समजा, फ्लॉपीवर AHWAL.DOC नावाची २०,४८० बाइटची फाइल आहे. पहिल्या वहीत तिचं नाव आकड्यांत असं दिसतं, आणि डिलीट केल्यावर खालच्या ओळीसारखं:

```
41 48 57 41 4C 20 20 20 44 4F 43
E5 48 57 41 4C 20 20 20 44 4F 43
```

फरक फक्त पहिल्या जागी आहे. A या अक्षराचा 41 गेला आणि तिथे E5 आला. ‘ही ओळ रद्द, जागा वापरायला मोकळी’ एवढाच त्याचा अर्थ. त्याबरोबर दुसऱ्या वहीतली साखळी शून्य होते. माल असलेल्या कप्प्यांना मात्र कोणी हातही लावत नाही. २०,४८० बाइट गोदामातून उचलून फेकायला वेळ लागतो, वहीत एक अक्षर खोडायला लागत नाही, म्हणून ही रचना.

तपासनीस काय करतो? रद्द ओळीत फाइलचा आकार आणि सुरुवातीचा क्रमांक अजून शाबूत असतात. समजा, तो क्रमांक ५७ आहे. या फ्लॉपीवर सेक्टर ० पासून मोजतात, म्हणून वह्यांचे सेक्टर ० ते ३२. मालाचे कप्पे मात्र २ पासून मोजतात आणि २ क्रमांकाचा कप्पा म्हणजे ३३ क्रमांकाचा सेक्टर. म्हणजे फाइल ८८ व्या सेक्टरपासून सुरू झाली. २०,४८० ला ५१२ ने भागलं की ४० येतात, तेव्हा ८८ ते १२७ एवढे सेक्टर सलग वाचायचे. जुन्या वर्ड फाइलची सुरुवात नेहमी D0 CF 11 E0 अशी होते. ८८ व्या सेक्टरच्या तोंडाशी तेच आकडे दिसले, की आपण योग्य दारात उभे आहोत हे कळतं.

ओळसुद्धा उरली नसेल, तर तपासनीस वह्या बाजूला ठेवून थेट गोदामातून फिरतो आणि अशा ओळखीच्या सुरुवाती शोधतो. जेपेग फोटो FF D8 FF ने सुरू होतो आणि FF D9 ने संपतो, तेव्हा या दोघांमधलं सगळं उचलायचं.

यातली गोम ‘सलग’ या शब्दात आहे. साखळी तर गेलेली, त्यामुळे फाइल सलग कप्प्यांत होती हा निव्वळ अंदाज. ती तुकड्यातुकड्यांत ठेवलेली असेल, तर मध्येच दुसऱ्याच फाइलचा माल हाती येतो. फोटोत हे लगेच दिसतं. वरचा अर्धा भाग नीट, खाली करडा पट्टा किंवा भलत्याच चित्राची चिंधी. मजकुरात ते सहज दिसत नाही आणि तिथेच धोका असतो. दोन वेगळ्या पत्रांचे तुकडे जोडून तिसरंच पत्र तयार होऊ शकतं. म्हणून चांगला तपासनीस अहवालात ‘फाइल मिळाली’ एवढं लिहून थांबत नाही, ती कोणत्या सेक्टरांमधून आणि कोणत्या गृहीतकावर मिळाली तेही लिहितो. आणि कप्प्यात नवा माल भरला गेला असेल, तर जुना गेला. पुसलेल्याच्या खालचं पुसलेलं वाचणारी यंत्रं फक्त सिनेमात असतात.

म्हणूनच जप्त केलेल्या संगणकाबाबत पहिला नियम असा की तो ‘जरा बघू’ म्हणून सुरू करायचा नाही. विंडोज सुरू होता होताच शेकडो फाइली लिहिते आणि त्यातली एखादी नेमकी आपल्या हव्या त्या मोकळ्या कप्प्यात जाऊन बसते. शिवाय वेळांच्या नोंदी बदलतात. पंचनाम्यात जप्तीची वेळ सकाळी ११.४० आणि डिस्कवरच्या फाइलींत त्याच दुपारी २.०५ चे बदल असतील, तर बचाव पक्षाच्या वकिलाला आणखी काही शोधावं लागत नाही.

त्यासाठी डिस्क काढून ती राइट ब्लॉकर नावाच्या डबीमार्फत जोडतात. ही डबी वाचण्याच्या आज्ञा पुढे जाऊ देते आणि लिहिण्याच्या अडवते. मग पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, मोकळ्या कप्प्यांसकट, जशीच्या तशी नक्कल करतात. तिला इमेज म्हणतात. नेहमीच्या कॉपी-पेस्टमध्ये रद्द फाइली येतच नाहीत, कारण त्या वहीतून गेलेल्या असतात. नंतर मूळ डिस्क आणि इमेज दोन्हींचा हॅश काढतात:

```
sha256sum mudde_01.dd
```

उत्तर म्हणून ६४ अंक-अक्षरांची एक ओळ येते. डिस्क कितीही मोठी असो, ओळ तेवढीच, आणि आत एक बिट जरी बदलला तरी ती ओळखू न येण्याइतकी बदलते. लाखेचं सील फोडून पुन्हा लावता येतं, या ओळीचं तसं नाही. मूळ डिस्क मुद्देमालात जाते आणि पुढचं सगळं काम इमेजवर चालतं. बचाव पक्षाच्या तज्ज्ञालाही तीच इमेज देता येते, त्याने हॅश काढून ताडून पाहावा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हा हॅश थेट कायद्यात आला आहे. कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात तो लिहावा लागतो, एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. अशा प्रमाणपत्राचं महत्त्व महाराष्ट्राला जालन्याच्या खटल्यातून ठाऊक आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर येऊन ठेपला होता. इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल दाखल करताना प्रमाणपत्र बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात जुलै २०२० मध्ये सांगितलं. मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात आणलं तर गोष्ट वेगळी.

एक बारीक सापळा घड्याळाचाही आहे. विंडोजची आजची फाइल व्यवस्था वेळ ग्रिनिच प्रमाणे लिहिते. तपासाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय वेळ निवडायला विसरलं, तर प्रत्येक घटना साडेपाच तास आधी घडलेली दिसते. रात्री १० ला घरी असलेला माणूस दुपारी साडेचारला कचेरीत बसून फाइल लिहिताना ‘सापडतो’. जप्तीच्या वेळी संगणकाचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे, हेही म्हणूनच टिपून ठेवायचं असतं.

इथवरची सगळी शिस्त फिरत्या तबकडीच्या जमान्यात घडली. एसएसडीने तिला पहिला धक्का दिला. एसएसडीतली पेशी नव्याने लिहिण्याआधी रिकामी करावी लागते, म्हणून फाइल डिलीट झाली की विंडोज ट्रिम नावाची आज्ञा पाठवून ‘हे कप्पे आता नकोत’ असं कळवते. पुढे ड्राइव्हमधली चिप सवडीने ते झाडून टाकते. ही झाडू मारणारी चिप ड्राइव्हच्या आतच असल्याने बाहेरचा राइट ब्लॉकर तिला अडवू शकत नाही, वीज मिळाली की ती कामाला लागते. ऑस्ट्रेलियातल्या मर्डॉक विद्यापीठातल्या दोघांनी २०१० मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. नुसतं क्विक फॉर्मॅट केलेला एसएसडी काही मिनिटांतच बहुतेक रिकामा झाला होता.

फोनची तऱ्हा आणखी निराळी. आयफोनमध्ये प्रत्येक फाइल स्वतःच्या वेगळ्या किल्लीने कुलूपबंद असते आणि फाइल डिलीट झाली की ती किल्लीच नष्ट होते. कप्प्यातला माल काही काळ राहिला तरी तो निरर्थक आकड्यांचा ढीग. नव्या अँड्रॉइड फोनमध्येही माल कुलूपबंदच असतो. त्यामुळे आजच्या फोनमधून डिलीट केलेला फोटो रेडरच्या फ्लॉपीसारखा परत येत नाही.

पण संदेशांचं तसं नसतं. बहुतेक अ‍ॅप संदेश एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतात, आणि तो संपूर्ण डेटाबेस ही एकच फाइल असते. एक संदेश डिलीट झाला तरी फाइल जिवंत, म्हणून किल्लीही जिवंत. आणि या फाइलच्या आत पुन्हा आपलं जुनं गोदाम! एसक्यूलाइट साधारणपणे ४,०९६ बाइटच्या पानांत लिहितं, रिकामी झालेली पानं ‘मोकळी’ म्हणून यादीत टाकतं आणि पुन्हा वापरेपर्यंत त्यावरचा मजकूर तसाच राहू देतं. शेजारी बऱ्याचदा -wal ने संपणाऱ्या नावाची एक कच्ची वही असते. ताजे बदल आधी तिच्यात उतरतात आणि नंतर मुख्य फाइलमध्ये चढवले जातात. कालच डिलीट केलेला संदेश कधी कधी याच कच्च्या वहीत मिळतो. त्यातही एक फसगत आहे. केवळ मुख्य फाइल उचलून नेली, तर कच्ची वही मागेच राहते. दोन्ही एकत्र नेल्या पण नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या, तर तो कच्ची वही मुख्य फाइलमध्ये चढवून मोकळा होतो आणि तपासनीसच पुरावा पुसून बसतो. आणि काही अ‍ॅप मोकळी पानं शून्यांनी भरण्याची सोय चालू ठेवतात. तिथे शोधायला काही उरत नाही.

हे सगळं फोन आतून वाचता आला तर. संगणकाच्या बाबतीत शिकवलेली सवय, म्हणजे बंद करा, गुंडाळा, सील करा, फोनला उलटी लागू पडते. चालू केल्यापासून एकदा तरी पासकोड टाकून उघडलेल्या फोनच्या बऱ्याचशा किल्ल्या मेमरीत असतात, बंद केला की त्या जातात. म्हणून चालू फोन चालूच ठेवून फॅराडे बॅगेत टाकतात, म्हणजे बाहेरून ‘सगळं पुसून टाक’ ही आज्ञा पोचत नाही. बॅगेत फोन सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते, तेव्हा आत पॉवर बँकही ठेवावी लागते. त्यातच आयओएस १८.१ पासून ७२ तास न उघडलेला आयफोन आपला आपण रीस्टार्ट होतो. शुक्रवारी संध्याकाळी जप्त होऊन मुद्देमाल खोलीतल्या फळीवर ठेवलेला फोन प्रयोगशाळेत मंगळवारी उघडायला घेतला, तर तोवर त्याच्या किल्ल्या मेमरीतून गेलेल्या असतात.