वॅट पर केजी : सायकलिंगमधलं पॉवर-टू-वेट आणि घाट चढायचा स्पीड

वॅट पर केजी म्हणजे सायकलिस्ट पेडलवर जितके वॅट लावू शकतो त्याला त्याच्या स्वतःच्या वजनानं भागल्यावर येणारा आकडा. 60 किलोचा रायडर तासभर 240 वॅट धरून ठेवू शकत असेल तर त्याचे 4 वॅट पर केजी झाले. आकडा सांगताना तो किती वेळासाठी आहे हे सांगणं गरजेचं, कारण स्प्रिंटमध्ये पाच सेकंद 12-13 वॅट पर केजी काढणारे हौशी रायडर पण असतात, पण घाटात त्याचा काही उपयोग नाही. घाटासाठी बघतात तो एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकेल अशी जास्तीत जास्त पॉवर. बहुतेक लोक 20 मिनिटांची फुल जोरात टेस्ट देतात आणि त्याच्या सरासरीचे 95 टक्के धरतात.

सपाट रस्त्यावर सगळी मारामारी हवेशी असते. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला लागणारी पॉवर घनाच्या प्रमाणात, त्यामुळं तिथं किती वॅट आहेत आणि अंग किती वाकवलंय हे महत्त्वाचं, वजन फारसं नडत नाही. चढ लागला की स्पीड पडतो, हवा जवळपास गायब होते आणि उरतं ते वजन वर उचलणं, आणि त्याला लागणारे वॅट वजनाच्या सरळ प्रमाणात असतात. म्हणून घाटात वॅट भागिले वजन.

उदाहरणाला फ्रान्समधला आल्प द्युएझ घेऊ, टूर द फ्रान्समुळं जगातला बहुधा सगळ्यात जास्त मोजला गेलेला चढ. 13.8 किलोमीटर, सरासरी 8.1 टक्के, म्हणजे उंची साधारण 1,100 मीटरनी वाढते. 21 वळणं आहेत आणि त्यांचे नंबर खालून 21 पासून सुरू होऊन वर 1 ला संपतात. आपला 60 किलोचा रायडर इथं 240 वॅटनी निघाला, सायकल, बूट, हेल्मेट, पाणी मिळून 9 किलो धरू, म्हणजे वर न्यायचं एकूण 69 किलो. साखळी आणि गिअरमध्ये 3 टक्के जातात, चाकाला पोचतात 233 वॅट. या चढावर गुरुत्वाकर्षण त्याला साधारण 55 न्यूटननी मागं खेचतं, टायरचं घर्षण 3-साडेतीन न्यूटन, आणि हवा फक्त अडीच-पावणेतीन. सगळं मिळून 60-61 न्यूटन. पॉवरला एकूण बलानं भागलं की स्पीड मिळतो, तो येतो सेकंदाला 3.85 मीटर, म्हणजे ताशी 13.8 किलोमीटर, आणि चढ संपतो बरोबर तासाभरात. वारा नसेल तर 4 वॅट पर केजीला आल्प द्युएझ एक तास, हे लक्षात ठेवायला सोपं आहे. हवेचा वाटा इथं एकूण अडथळ्याच्या 4-5 टक्केच आहे बघा.

आता त्याच्याबरोबर 80 किलोचा रायडर, 320 वॅटचा, म्हणजे त्याचे पण बरोब्बर 4 वॅट पर केजी. दोघं एकदम पोचायला हवेत ना? नाही पोचत. मोठा रायडर सुमारे दोन मिनिटं आधी वर असतो. कारण सायकलच्या 9 किलोंना कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नाही, छोट्याच्या वजनावर ते 15 टक्के जादा पडतात आणि मोठ्याच्या वजनावर 11 टक्के. एकूण वजनाला भागलं तर छोट्याचे निघतात 3.48 आणि मोठ्याचे 3.6, आणि घाट हाच आकडा ओळखतो. वॅट पर केजी हा रायडरचा आकडा आहे, स्पीड ठरतो तो रायडर अधिक सायकल अधिक बाटल्या अधिक खिशातलं सगळं यावर, हा फरक बऱ्याच जणांच्या डोक्यात स्पष्ट नसतो आणि मग सेम आकडा असून मी मागं का पडलो असं होतं. सपाट रस्त्यावर तर अंतर अजून वाढतं, त्याच पॉवरला छोटा ताशी 36 च्या आसपास आणि मोठा 38 च्या वर, कारण शरीर मोठं असलं तरी हवेला लागणारा पुढचा भाग वजनाइतका वाढत नाही.

तरी जगातले मोठे क्लाइंबर बहुतेक हलकेच का? कारण 80 किलोच्या माणसाला 6 वॅट पर केजी हवे असतील तर तासभर 480 वॅट लागतात, आणि इतका ऑक्सिजन ओढणारं शरीर जवळपास सापडत नाही. हलक्या शरीराला तोच आकडा 360 वॅटमध्ये मिळतो.

वजन कमी करावं की पॉवर वाढवावी, हा नेहमीचा प्रश्न. आपल्याच रायडरवर हिशोब करू. एकूण वजन 69 वरून 68 केलं, पॉवर तीच, तर आल्प द्युएझवर 45 सेकंद वाचतात. तेवढेच 45 सेकंद वॅट वाढवून वाचवायचे असतील तर साडेतीन वॅट जास्त लागतात. म्हणजे त्याच्यासाठी एक किलो बरोबर साडेतीन वॅट, आणि हा आकडा कुठून आला तर 240 भागिले 69. प्रत्येकानं आपली पॉवर आपल्या एकूण वजनानं भागली की घाटात एका किलोची किंमत किती वॅट ते कळतं. किलो पोटावरून गेला की सायकलवरून, याचा घाटाला फरक पडत नाही. पण सायकल एक किलोनं हलकी केली तर वॅट पर केजीचा आकडा तसाच राहतो आणि वेळ मात्र कमी होते, त्यामुळं नुसता आकडा बघणाऱ्याला ही सुधारणा दिसतच नाही. रेसमध्ये याला पण मर्यादा आहे, युसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानं 2000 सालापासून सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही.

वजन कमी करताना जे बिघडतं ते इथं नीट सांगायला पाहिजे. समजा 60 चा रायडर कमी खाऊन 57 वर आला, पण पॉवर 240 ची 225 झाली. वॅट पर केजी 4 वरून 3.95, म्हणजे कागदावर जवळपास काहीच गेलं नाही, उलट काट्यावर तीन किलो कमी दिसल्याचं समाधान. पण आल्प द्युएझवर तो आता मिनिटभराहून जास्त उशिरा पोचतो, कारण रायडर हलका झाला, सायकल नाही झाली, आणि सपाट रस्त्यावर तर 15 वॅट सरळ गेलेच. हे ओळखायचं कसं तर वजनाच्या आकड्याबरोबर 20 मिनिटांच्या पॉवरचा नुसता वॅटमधला आकडा वेगळा लिहून ठेवायचा. तो सलग काही आठवडे खाली येत असेल, झोप बिघडली असेल, सारखं आजारपण येत असेल, बायकांची पाळी अनियमित होत असेल किंवा थांबली असेल, तर शरीराला लागतं तेवढं खाणं मिळत नाहीये. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये रेड-एस असं नाव दिलं, आणि हाडं ठिसूळ होण्यापर्यंत हे प्रकरण जातं, तेव्हा काटा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं.

चढ किती तीव्र आहे यावर पण हा आकडा किती लागू पडतो ते ठरतं. 3 टक्क्यांच्या चढावर आपला रायडर ताशी 25 नी जातो आणि तिथं हवेचा वाटा पाव भागाच्या वर असतो, म्हणजे कुणाच्या तरी मागं चिकटून जाण्यात खरा फायदा आहे. 8 टक्क्यांवर मागं चिकटून फार काही वाचत नाही. आपल्याकडं सिंहगडावर हलके रायडर सुटतात आणि हायवेच्या सौम्य घाटात दणकट रायडर त्यांच्या बरोबरीनं राहतात ते यामुळंच.

गिअरचं पण बघायला हवं, कारण वॅट असूनही ते लावता आले पाहिजेत. आपला 4 वॅटवाला आल्प द्युएझवर पुढं 34 आणि मागं 28 दात वापरून मिनिटाला 90 फेऱ्यांनी आरामात पेडल मारतो. पण 2.5 वॅट पर केजीचा 70 किलोचा रायडर तिथं ताशी 9 नी चढतो, त्याच गिअरला त्याच्या फेऱ्या येतात 58, आणि दीड तास असं दाबत राहिलं की गुडघे बोलायला लागतात. मागं 34 दातांची कॅसेट टाकली तर फेऱ्या 70 च्या पुढं जातात. त्याच्यासाठी कार्बनच्या चाकांपेक्षा ही कॅसेट नक्कीच जास्त कामाची आहे.

सुरुवातीला जोरात सुटणं ही दुसरी गोष्ट. आल्प द्युएझचे पहिले दोन किलोमीटर 10 टक्क्यांच्या आसपास आहेत. तिथं आपल्या रायडरचा योग्य स्पीड ताशी 11 च्या थोडा वर एवढाच आहे, तो बघून मन घाबरतं आणि 14 धरायचा मोह होतो, पण त्याला 300 च्या आसपास वॅट लागतात, म्हणजे एफटीपीच्या सव्वापट, आणि ते फार तर पाच-सहा मिनिटं टिकतात. मग उरलेला घाट 200 वॅटनी. घाटात स्पीड बघायचा नाही, वॅट बघायचे.

पॉवर मीटर नसेल तरी अंदाज येतो. तासाला किती मीटर उंची चढलात तो आकडा काढायचा, त्याला व्हीएएम म्हणतात. मग चढाच्या टक्क्यांना 10 नी गुणून त्यात 200 मिळवायचे, आणि व्हीएएमला त्यानं भागायचं. आल्प द्युएझसाठी भाजक येतो 281, तासात 1,118 मीटर चढलेल्याचे निघतात 3.98, वर केलेल्या हिशोबाशी जुळतंय. हे सूत्र इटलीच्या डॉक्टर मिकेले फेरारीचं, ज्याच्यावर डोपिंगमुळं 2012 मध्ये आजीवन बंदी आली, पण सूत्रातलं गणित ठीक आहे. 1997 मध्ये इटलीचा क्लाइंबर मार्को पंतानीनं हाच घाट साधारण साडेसदतीस मिनिटांत चढला होता, या सूत्रानं ते 6.3 च्या वर जातं. तो काळ ईपीओ या डोपिंगच्या औषधाचा होता, म्हणून तो आकडा माणसाची नैसर्गिक सीमा म्हणून कुणी धरू नये.

सूत्र 6 टक्क्यांच्या खालच्या चढावर आणि वाऱ्यात फसतं, मागून वारा असेल तर तो फुकटचे वॅट देतो. उंची जीपीएसवरून न घेता नकाशावरची घ्यायची. पॉवर मीटर असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे. मीटर 4 म्हणतोय आणि वारा नसताना तीव्र घाटावर सूत्र 3.5 म्हणतंय, तर आधी मीटरचं झीरो ऑफसेट करायचं, म्हणजे पेडलवर जोर नसताना तो शून्यावर आणायचा, कारण घरातून सायकल उन्हात काढली की तापमानानं रीडिंग सरकतं, मग अॅपमध्ये टाकलेलं स्वतःचं वजन तपासायचं, बरेचदा ते गेल्या वर्षीचं असतं, आणि शेवटी ब्रेक कुठं घासतोय का ते चाक उचलून फिरवून बघायचं.